दोन ओढींच्या मधली जागा

पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या नाटकाची तालीम चालते. नाटक कोकणातल्या रापणकरांचं आहे, त्यात किनाऱ्यावरून जाळं ओढण्याचा प्रवेश आहे. समुद्र अर्थातच नाही. हॉलच्या खांबाला काथ्याचा जाड दोर बांधलेला, दोराला दोन्ही बाजूंनी नट लागलेले, आणि संगीत देणाऱ्या मुलानं बांधलेलं गाणं. गाणं खरोखर गोड होतं. दादऱ्याची झुलती लय, पुढारी म्हणणार आणि बाकीचे उचलणार, शेवटच्या शब्दावर लांब सूर. पण ओढ सुरू झाली की काहीतरी बिनसायचं. निम्मे नट सुरावर ओढायचे, निम्मे आपापल्या मनातल्या मोजणीवर. दोर ताठ व्हायच्या ऐवजी नुसता थरथरायचा. सगळे दमायचे आणि खांबाला काही कळायचंही नाही. नेपथ्य सांभाळणारे काका मूळचे निफाडकडचे, भोई घरातले. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि दिग्दर्शकाला म्हणाले, "गाणं लई चांगलंय. पण यानं जाळं नाही येणार बाहेर."

त्या वाक्यानं माझी पाठ सोडली नाही. या नाटकातली गाण्यांची अक्षरं माझ्याकडे आहेत, म्हणून असेल. शिवाय जाळं बाहेर येताना मी पाहिलं होतं, लहानपणी, आजोळी. मालवणच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर. तेव्हा तिथे गाणं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. पण गाणं होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आठवायला बसले तेव्हा चाल सापडेना. शब्दही सापडेनात. सापडली ती वाळू. टाचांनी वाळूत केलेले खड्डे, त्यात पाणी झिरपून येई आणि पुढच्या माणसाची टाच बरोबर त्याच खड्ड्यात पडे. ओल्या दोराचा खारट, कुजका वास दोन दिवस हातांना राही. आणि घशातून निघणारा एक दणकट आवाज, त्याला धड अर्थ नाही. तो आवाज आला की माझ्या हातातला दोर आपोआप मागे जायचा. माझ्या बळानं तो जात नव्हता हे तेव्हाही कळत होतं.

रापणीचं काम आठवून पाहिलं तर गाण्याचा आकार त्यातूनच दिसायला लागतो. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन टोळ्या, दोन दोर. ओढणारे पाण्याकडे तोंड करून मागे मागे चालत वाळू चढतात. सगळ्यात मागचा माणूस वर पोचला की आलेला दोर गुंडाळणाऱ्याच्या हवाली करतो, हात सोडतो आणि धावत खाली पाण्याच्या कडेला येऊन सगळ्यात पुढे पुन्हा दोर धरतो. म्हणजे रांग कधी थांबत नाही, पण रांगेतला प्रत्येक माणूस थोड्या थोड्या वेळानं सुटतो आणि परत शिरतो. वाटेनं जाणारा कोणीही येऊन दोराला हात लावतो, पोरंसोरं लावतात, त्यांना शेवटी ओंजळभर तारल्या मिळतात. आता अशा रांगेसाठी चार ओळींचं कडवं कसं चालेल? जो आत्ताच येऊन शिरला त्याला गाण्यात कुठे आहोत हे पुढच्या श्वासाला कळायला हवं. म्हणून पुकार तोकडी, जबाब त्याहून तोकडा, आणि जबाब दर वेळी तोच. बदलायचं ते पुढाऱ्यानं बदलावं.

काकांना मी विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात ओढताना? ते म्हणाले, "ऐकायलाच चला ना ताई."

सिन्नर तालुक्यातला एक पाझर तलाव. चैत्र संपत आलेला, पाणी उतरून मधोमध राहिलेलं, कडेला भेगाळलेला गाळ आणि त्यावर बगळ्यांच्या पायांची नक्षी. उजाडायच्या आत माणसं जमली होती. पावसाळ्यात सोडलेलं बीज आता मोठं झालेलं: कटला, रोहू, मृगल. शिवाय कोणी न सोडता आलेली चिलापी. ओढजाळ्याची वरची दोरी बुचांची, खालची शिशाच्या गोळ्यांची. हे जाळं म्हणजे पाण्यात उभी चाललेली भिंत. वरची कड पाण्यावर तरंगली पाहिजे, खालची तळाला घासत आली पाहिजे. तिन्ही मासे तीन थरांत राहतात. कटला वर, रोहू मधे, मृगल तळाशी. त्यामुळे भिंत कुठे फसली हे कोणता मासा हाताला लागला नाही यावरून सांगता येतं. मृगल कमी आले तर खालची दोरी उचलली गेली. कटला उडून गेला तर वरची दोरी शेवटी वर धरायला कोणी नव्हतं.

खालची दोरी उचलली जाते ती बहुतेक वेळा घाईनं. जाळ्याचा पुढारी पन्नाशीचा, बारीक, कमरेला टॉवेल बांधलेला, दोराला हातही न लावता काठावरच्या एका उंचवट्यावर उभा होता. मला तो सारखा एकच गोष्ट सांगत राहिला. "जोर नको ताई. जोर केला का खालची दोरी उठते. दोरी उठली का मिरगल गेलाच समजा." पाण्यात ओढायच्या वस्तूचा हिशेबच वेगळा असतो. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. एका दणक्यात खेचलेलं जाळं माणसाला दमवतं, फुगतं, तळ सोडतं, आणि हातात येतो तो दोर तितकाच. उलट फार थांबलं तरी चालत नाही. दोर ढिला पडला की जाळ्याचे दोन्ही हात पसरतात, मासा कडेला शोधत शोधत वाट काढतो. म्हणजे ओढ लहान हवी, बेताची हवी, आणि एक संपून दुसरी सुरू होईपर्यंत ताण सुटता कामा नये. मी जन्मभर समजत होते की असलं गाणं माणसांना चेव आणण्यासाठी असतं. त्या उंचवट्यावरचा माणूस माझ्यासमोर माणसांचा चेव आवरत होता.

गाणं म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. पुढारी म्हणायचा, "धरा... हां!" आणि सगळे "हां" वर ओढायचे. पण त्या "धरा" ची लांबी तो सारखी बदलत होता. जाळं तलावाच्या खोल भागात होतं तेव्हा "धरा" लांब, कारण माणसांना गाळातून पाय काढून मागे रोवायला वेळ लागत होता. काठ जवळ आला, पाय घट्ट जमिनीवर आले, तसा "धरा" आखूड होत गेला. "हां" मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. तो म्हणजे भरल्या छातीतून बाहेर पडलेला वारा. जोराचं काम करताना माणूस श्वास कोंडून धरतो, तसा तो पुन्हापुन्हा कोंडला की लवकर दम लागतो. तोंड उघडून आवाज सोडला की तोच जोर श्वास न कोंडता लागतो. म्हणून अशा जबाबात बहुधा उघडा स्वर असतो, आणि त्याच्या अंगाला 'ह'. कुठल्याही किनाऱ्यावर कान द्या, हैया, हैलेसा, हो, आवाज या एकाच घरातले. आमच्या तालमीतल्या गाण्याचा जबाब चांगला सात शब्दांचा होता, आणि ओढ पडत होती सातव्या शब्दाच्या लांब सुरावर. म्हणजे अगदी श्वास संपल्यावर.

मधेच एकदा जाळं अडलं. पुढाऱ्याला ते आमच्या आधी कळलं. बुचांची ओळ पाण्यावर कमानीसारखी येत होती, ती एका जागी आत खेचली गेली, चार-पाच बुचं दिसेनाशी झाली. त्यानं "धरा" म्हटलं आणि "हां" म्हटलंच नाही. दोन्हीकडची माणसं ताण धरून तशीच उभी राहिली. कोणी विचारलं नाही, का थांबलो. एक पोरगा पोहत गेला, बुडी मारली, बुडालेल्या बाभळीच्या खुंटातून खालची दोरी सोडवून वर आला. तेवढ्यात आणखी एक ओढ पडली असती तर जाळं फाटलं असतं. तेव्हा मला कळलं की पुकार म्हणजे दर वेळी नव्यानं दिलेली परवानगी आहे. जबाब माणसांच्या हातात, पण जबाबाची वेळ पुढाऱ्याच्या. आणि पुढाऱ्याची नजर माणसांवर नसून बुचांवर असते, म्हणून तो दोराला लागत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिथेच काठावर बसून मोजली. दोन टोळ्यांमधलं अंतर सुरुवातीला शंभर मीटरच्या आसपास असावं. आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. पुढारी उभा होता डाव्या टोळीजवळ, त्यामुळे उजवी टोळी दर वेळी जराशी मागे. डोळ्यांना ते स्पष्ट दिसत होतं, इकडचे वाकून सरळ होताहेत आणि तिकडचे अजून वाकतातच आहेत. मला वाटलं, याची अडचण होत असेल. पुढारी म्हणाला, काही होत नाही. एका दोरावरची माणसं एकाच क्षणाला ओढली पाहिजेत, नाहीतर एकाचा जोर दुसऱ्याच्या सैल हातात मुरतो. पण दोन दोरांना एकच क्षण लागत नाही, सारखी संख्या लागते. इकडे वीस ओढी तर तिकडेही वीस. एक बाजू चार ओढी पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मागे राहिलेल्या टोकाकडून मासा निसटतो. गाणं दोन्हीकडे एकच असलं की संख्या आपोआप सारखी राहते, ऐकू कितीही उशिरा येवो.

भोयांच्या घराण्यात हे मुरलेलंच असणार. मासेमारी आणि पालखी ही त्यांची दोन जुनी कामं, आणि पालखीतही पुढच्यांना वाट दिसते, मागच्यांना दिसत नाही. परत येताना काका गाडीत म्हणाले की त्यांचे आजोबा पालखीचे हुंकार घालून दाखवायचे, वाटेत दगड आला की वेगळा, पाणी आलं की वेगळा. त्यांना स्वतःला त्यातला एकही येत नाही. हे सांगून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी रेकॉर्ड केलं असतं, असं म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

नाशिककरांना दोर ओढणं म्हटलं की आठवतो रथ. कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, गल्ल्यांमधून दोर धरलेली माणसं वाकलेली दिसतात, रामरथाकडे तोंड करून बुवा उलट्या पावलांनी चालतात. दिग्दर्शकाच्या डोळ्यासमोर ओढण्याचं चित्र होतं ते तेच. जयघोष, उसळी, गर्दीचा लोट. पण रथाला चाकं आहेत. सगळा जोर तो जागचा हलवायला लागतो. एकदा हलला की आपल्या वजनानं पुढे येतो, मग त्याला आवरायचं काम. म्हणून तिथे एकच मोठा पुकारा, मग बराच वेळ नुसती चाल, मग पुन्हा पुकारा, असं शोभतं. जाळ्याला अशी उसळी नाही. तुम्ही थांबलात की तेही त्या क्षणी थांबतं, प्रत्येक हातभर दोराचे पैसे वेगळे मोजावे लागतात. हे मी दिग्दर्शकाला सांगितलं तेव्हा त्याला ते लगेच पटलं नाही. त्याला प्रेक्षागृह दणाणायला हवं होतं, आणि त्याचंही मला कळत होतं.

मग संगीत देणारा मुलगा आणि मी नव्यानं बसलो. दादरा सोडला. झुलणारी सहा मात्रांची लय वल्ह्याला बरी, कारण वल्हं जातं आणि येतं. ओढीला आम्ही आठ मात्रांचा केरवा घेतला. पहिल्या चार मात्रा पुढाऱ्याच्या, पुढच्या चार सगळ्यांच्या.

पुढारी: दोर धरा रं
सगळे: ओढ हो!
पुढारी: पाय रोव रं
सगळे: ओढ हो!
पुढारी: बूच दिसं रं
सगळे: ओढ हो!

पाचव्या मात्रेवर 'ओ', तिथे ओढ. सातवीवर 'हो', तिथे आलेला दोर धरून ठेवायचा. मग पहिल्या चार मात्रांत पाय मागे, हात पुढे, श्वास आत, आणि तेवढ्यात पुढारी जे सांगायचं ते सांगणार. ढोलकीवाल्याला हे जड गेलं. त्याच्या हाताला समेवर घुमारा देण्याची सवय, आणि पाचवीला हात हलका ठेवण्याची. नेमकी आमची ओढ पाचवीवर. त्यानं सवयीनं समेवर वजन दिलं की सगळे नट तिथेच ओढायचे आणि पुकार दोरात गडप व्हायची. शेवटी त्यानं पहिल्या चार मात्रा नुसत्या चाटेवर वाजवायला घेतल्या आणि घुमारा पाचवीसाठी राखून ठेवला. त्या दिवशी खांबाला बांधलेला दोर पहिल्यांदा करकरला.

एक आवर्तन तीन सेकंदांचं ठेवलं, म्हणजे मिनिटाला वीस ओढी. दुसऱ्या कडव्यात जाळं गाळाच्या जागी येतं, तिथे पुकार दुप्पट लांब केली: "गाळ लागला गं बाई, जरा दमानं रं". जबाब तोच, पण दोन ओढींमधलं अंतर वाढलं. लय मोडल्यासारखी वाटेल अशी मुलाला भीती होती. तसं झालं नाही. थांबणं लांबलं की ओढ वजनदार वाटते, प्रेक्षकालाही वाटते. दिग्दर्शकाला हवा होता तो दणका त्याला इथे मिळाला, आवाज न वाढवता.

तिसऱ्या कडव्याला मात्र मी हट्ट धरला. जाळं काठाला लागताना काम दोन तऱ्हांचं होतं. खालची दोरी भराभर पुढे ओढून घ्यायची, तळाशी पायानं दाबत, आणि वरची दोरी हातानं उंच धरून मागे ठेवायची, म्हणजे मधे खोळ तयार होते आणि उडणारा कटला परत आत पडतो. तेव्हा एका सुरातलं गाणं दुभंगतं.

पुढारी: खालची घे रं
खालचे: ओढ हो!
पुढारी: वरची धर रं
वरचे: धरली हो!

वरच्यांनी ओढायचं नाही, नुसतं सांगायचं की धरली आहे. नटांना न ओढता गाणं फार अवघड जातं. हात आपोआप मागे जातात. काकांनी त्यांच्या हातात दोराऐवजी भरलेली पाण्याची बादली दिली आणि ती न हिंदकळू देता "धरली हो" म्हणायला लावलं. आता जमतंय.

राहिला प्रश्न दोराचा. रंगमंचावर विंगेपासून विंगेपर्यंत मिळून तीसेक फूट दोर. एका ओढीला दीड फूट धरला तर वीस ओढींत, म्हणजे एका मिनिटात, दोर संपतो, आणि गाणं आहे चार मिनिटांचं. काकांनी तोड काढली ती रापणीतल्या मागच्या माणसाचीच. दोराचं कडं करायचं. एका विंगेत गेलेला दोर पडद्यामागून फिरून दुसऱ्या विंगेतून परत येणार. गाठ मारली तर ती हातात येईल आणि दिसेलही, म्हणून दोन्ही टोकांचे पेड उलगडून एकमेकांत गुंफून सांधा करायचा, ते ते स्वतः करताहेत. आणि जिथून दोर येतो त्या विंगेत दोन दणकट मुलं दोर धरून बसणार, सैल सैल सोडत. त्यांना काका रोज शिकवतात, हळू ओढला तर सोडा, दणका दिला तर आवळा, दुप्पट दणका दिला तर चौपट आवळा. ती दोघं पाणी आहेत. काल तालमीत पुढारी झालेला नट उत्साहात लय चढवत गेला आणि विंगेतल्या पाण्यानं सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. नट चिडला. काका म्हणाले, बरोबर केलं पोरांनी, आता हळू घ्या आणि पहिल्यापासून.